इंदुरात पाणी शंभरला उकळत नाही

विद्यार्थ्यांच्या प्रकल्प-प्रदर्शनांत परीक्षक म्हणून बसणाऱ्या मंडळींकडून एक मत हल्ली फार ठामपणे ऐकू येतं. थर्मिस्टरचं तीन बिंदूंवर कॅलिब्रेशन करणं म्हणजे मुलांचा वेळ खाणारा खटाटोप आहे. पाकिटावर 10k आणि 3950 लिहिलेलं असतं, ते दोन आकडे बीटाच्या सूत्रात टाका आणि पुढच्या कामाला लागा. इंदूरच्या अशाच एका प्रदर्शनात एका परीक्षकांनी हे मत पुराव्यासकट मांडलं. दूध गरम करण्याच्या प्रकल्पातला सेन्सर त्यांनी उकळत्या पाण्यात बुडवायला लावला, पडद्यावर ९९.६ आलं आणि ते म्हणाले, "आणखी काय पाहिजे? चार दशांशांचा फरक आहे, तोही बाजारातल्या स्वस्त मण्यात."

हा पुरावा नीट पाहण्यासारखा आहे, कारण त्याने जे सिद्ध होतं ते त्यांच्या म्हणण्याच्या नेमकं उलट आहे.

इंदूर माळव्याच्या पठारावर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे. इथे हवेचा दाब साधारण ९५० हेक्टोपास्कल असतो, समुद्रकाठी तो १०१३ धरतात. शंभर अंशांच्या आसपास दाब एका हेक्टोपास्कलने उतरला की पाण्याचा उत्कलनबिंदू ०.०२८ अंशाने उतरतो. हिशेब केला की इंदुरात शुद्ध पाणी ९८.२ अंशांच्या जवळपास उकळतं, हे कळतं. म्हणजे ९९.६ दाखवणारा सेन्सर चार दशांशांनी कमी दाखवत नव्हता, तो जवळजवळ दीड अंशाने जास्त दाखवत होता. सूत्राची चूक एकीकडे, परीक्षकांच्या गृहीतकाची चूक दुसरीकडे, आणि दोन्ही एकाच दिशेच्या निघाल्यामुळे दोघांनी एकमेकांची साक्ष काढली. उकळण्याचा बिंदू हवेच्या दाबावर हलतो, हे अँडर्स सेल्सियसने आपली मोजपट्टी मांडताना १७४२ मध्येच नोंदवलं होतं. पट्टी आपण उचलली, अट तिथेच राहिली.

आता तो मणीच समोर घेऊ. इंदूरच्या महाराणी रोडवर थर्मिस्टर मागा, दुकानदार डब्यातून काढून देईल. कोणत्या कंपनीचा, वक्र कोणता, टॉलरन्स किती, हे विचारलंत तर उत्तर मिळेल, "भिया, सब टेन-के ही है।" त्याचं चुकत नाही. पंचवीस अंशांना साधारण दहा हजार ओहम, एवढंच तो सांगू शकतो. पुढचे आकडे अशाच एका मण्याचे आहेत. बर्फाच्या चुऱ्यात ३२,१६० ओहम. बादलीतल्या पाण्यात, जिथे तपासलेला पाऱ्याचा थर्मामीटर ३०.० दाखवतो, तिथे ७,९३० ओहम. उकळत्या पाण्याच्या वाफेत ७०५ ओहम.

बीटाचं सूत्र असं मानतं की रोधाचा लॉग आणि केल्विनमधल्या तापमानाचा व्यस्तांक यांचा आलेख सरळ रेष आहे, आणि बीटा हा त्या रेषेचा चढ. वरचे आकडे घेऊन हा चढ दोन तुकड्यांत काढून पाहा. शून्य ते तीस अंशांमध्ये तो ३८६४ येतो आणि तीसपासून उकळण्यापर्यंत ३९९५. पाकिटावरचा ३९५० कुठे आहे? मधे कुठेतरी, कारण तो बहुधा २५ आणि ५० या दोन तापमानांवरून काढलेला असतो. रेष मुळात सरळ नाही, ती हळूहळू वाकते. शिवाय या मण्याचा रोध २५ अंशांना नेमका दहा हजार नाही, दीड टक्का कमी आहे, आणि तेवढ्यानेच तिथे तिसरा हिस्सा अंश इकडचा तिकडे होतो. दोन्ही मिळून परिणाम असा: बीटाचं सूत्र या मण्याला बर्फात ०.८ दाखवतं, तीस अंशांच्या पाण्यात ३०.३, आणि वाफेत ९९.६. परीक्षकांनी तोच सेन्सर दोन मिनिटं बर्फात धरला असता तरी त्यांचं समाधान पुसलं गेलं असतं.

पंखा चालू-बंद करायचा असेल, खोली गरम आहे की थंड एवढंच कळायचं असेल, तर अर्ध्या-पाऊण अंशाने कुणाचं काही बिघडत नाही. तिथे बीटा वापरा, माझी तक्रार नाही. पण त्या मुलांचा प्रकल्प दुधाच्या पाश्चरीकरणाचा होता. भांड्यातल्या पाश्चरीकरणात दूध ६३ अंशांवर सलग तीस मिनिटं ठेवायचं असतं. या मण्याचा रोध खऱ्या ६३ अंशांना २,२०० ओहम असतो, आणि बीटाचं सूत्र त्याला ६३.५ म्हणतं. म्हणजे पडद्यावर ६३ दिसेल तेव्हा दूध साडेबासष्टच्या आसपास असेल. चूक ज्या बाजूला व्हायला नको तिकडेच ती आहे.

दुसरी मंडळी बीटाला नावं ठेवतात, पण नेटवरून स्टाइनहार्ट-हार्टचे तीन सहगुणक उचलतात आणि तेच आपलं कॅलिब्रेशन म्हणून दाखवतात. समीकरण असं:

```
1/T = A + B*ln(R) + C*(ln(R))^3
```

T केल्विनमध्ये, R ओहममध्ये, आणि लॉग नैसर्गिक. जॉन स्टाइनहार्ट आणि स्टॅनली हार्ट यांनी ते १९६८ मध्ये 'डीप-सी रिसर्च' या नियतकालिकात मांडलं. तापमानाचे बारीक फरक मोजायला सरळ रेषेचं सूत्र पुरत नव्हतं. वर्गाचं पद गाळून घनाचं पद ठेवलं तरी वक्र फार चांगला बसतो, हे त्यांच्या लक्षात आलं. पण त्यांच्या लेखाचा विषय कॅलिब्रेशन हा होता. A, B, C हे प्रत्येक मण्याचे स्वतःचे असतात, आणि ते त्या मण्याच्या मोजणीतूनच यायचे असतात.

नेटवर 10k थर्मिस्टरच्या नावाने दोन त्रिकुटं सर्वांत जास्त फिरतात. एकात `A = 0.001129148`, `B = 0.000234125`, `C = 0.0000000876741`. दुसऱ्यात `A = 1.009249522e-03`, `B = 2.378405444e-04`, `C = 2.019202697e-07`. दोन्हींत आपले २,२०० ओहम घाला. पहिलं सांगतं ६३.४, दुसरं सांगतं ६७.९. एकच रोध, साडेचार अंशांचा फरक, आणि दोन्ही उत्तरांना सहा ते दहा सार्थ अंकांच्या सहगुणकांचा रुबाब. ती कुणाच्या तरी मण्यांची जन्मपत्रिका आहे, तुमच्या मण्याची नाही. दुसरं त्रिकुट वापरून कुणी दूध तापवलं तर पडद्यावर ६३ असताना भांड्यातलं दूध साठच्याही खाली असेल.

आता तिसऱ्या गटाकडे येतो, आणि इथे मला जास्त वेळ लागणार आहे, कारण हे लोक माझ्याच बाजूचे आहेत. ते मुलांकडून खरोखर तीन बिंदू मोजून घेतात: बर्फ, खोलीतलं पाणी, उकळतं पाणी. मग सहगुणक काढतात, तेच तीन रोध पुन्हा समीकरणात घालतात, उत्तर ०.००, ३०.००, १००.०० येतं आणि अहवालात लिहितात, "त्रुटी शून्य." अहवाल देखणा दिसतो. पण समीकरणात तीन अज्ञात आहेत आणि आपण तीन बिंदू दिले. वक्र त्या तिन्हींतून जाणारच. तुम्ही शंभरच्या जागी एकशेदहा लिहिलं असतं तरी तो गेला असता आणि त्रुटी शून्यच निघाली असती. जो हिशेब चुकीच्या आकड्यालाही 'बरोबर' म्हणतो, त्याला तपासणी म्हणता येत नाही.

गणित करून पाहायला सात ओळी पुरतात:

```
L1, L2, L3 = log(R1), log(R2), log(R3)
Y1, Y2, Y3 = 1/T1, 1/T2, 1/T3
g2 = (Y2 - Y1) / (L2 - L1)
g3 = (Y3 - Y1) / (L3 - L1)
C = (g3 - g2) / (L3 - L2) / (L1 + L2 + L3)
B = g2 - C * (L1**2 + L1*L2 + L2**2)
A = Y1 - L1 * (B + C * L1**2)
```

तापमानं केल्विनमध्ये घाला: २७३.१५, ३०३.१५ आणि शेवटचं ३७१.३५, म्हणजे ९८.२ सेल्सियस. आपल्या मण्यासाठी `A = 1.12935e-3`, `B = 2.34736e-4`, `C = 8.537e-8` येतात. आता हीच मोजणी ठेवा, रोध तेच ठेवा, फक्त उकळत्या पाण्याला १०० म्हणा, म्हणजे ३७३.१५. सहगुणक बदलून `A = 1.03157e-3`, `B = 2.49997e-4`, `C = 3.116e-8` होतात. दोन्ही संच आपापल्या तीन बिंदूंवर शून्य त्रुटी दाखवतात. दोन्हींच्या तोंडाकडे पाहून खरं कोण, हे सांगता येत नाही. तरी एक खूण आहे: C पहिल्यापेक्षा जवळजवळ पावणेतीन पटींनी लहान झाला. या जातीच्या मण्यांत C साधारण दहाचा उणे सातवा घात या पातळीवर असतो. तो फारच लहान किंवा ऋण निघाला, तर तिघांपैकी एक बिंदू खोटं बोलतोय, असं धरून शोधाला लागावं. पण ही खूणच आहे, तिला पुरावा मानू नये.

पुरावा चौथा बिंदू देतो. तो फिटमध्ये घालायचा नाही, बाहेर ठेवायचा. आणि तो सेन्सर जिथे काम करणार आहे तिथेच घ्यायचा. थर्मासमध्ये गरम पाणी भरा, तपासलेला थर्मामीटर आणि मणी दोऱ्याने एकत्र बांधून आत सोडा, ढवळत राहा आणि पाणी हळूहळू निवत ६३.० वर येण्याची वाट पाहा. आपला मणी तेव्हा २,२०० ओहम दाखवतो. ९८.२ वाला संच त्यावर ६३.०० सांगतो. १०० वाला संच ६३.५७ सांगतो. इथे तो पकडला जातो. गंमत अशी की त्याने तीन बिंदू मोजले, लॉग घेतले, सात ओळी चालवल्या, आणि सरतेशेवटी तो बीटाच्या ६३.५ पाशीच येऊन थांबला. परीक्षक महाशय कॅलिब्रेशनला निरुपयोगी म्हणतात ते कदाचित अशीच कॅलिब्रेशनं पाहून. तसं असेल तर त्यांचा अनुभव खोटा नाही, त्यावरून काढलेला निष्कर्ष खोटा आहे.

इथे कुणी म्हणेल, दाब कसा कळणार? हवामानाचं अॅप उघडलं की इंदूरचा दाब १०१० वगैरे दिसतो आणि १०१० ला पाणी ९९.९ ला उकळतं. मग ९८.२ आला कुठून? हा सापळा खराच फसवा आहे. हवामानाच्या वार्तापत्रात जो दाब देतात तो समुद्रसपाटीवर आणून दिलेला असतो, नाहीतर मुंबई, इंदूर आणि महाबळेश्वर यांचे दाब एका नकाशावर मांडता आले नसते. आपल्याला हवा असतो तो भांड्याभोवतीच्या हवेचा खरा दाब. बऱ्याच फोनांत दाबमापक असतो. नाहीतर BMP280 नावाचं छोटं मॉड्यूल मिळतं, ते खरा दाब साधारण एका हेक्टोपास्कलच्या आत सांगतं. उत्कलनबिंदूत तेवढ्याने तीन शतांश अंशांपेक्षा जास्त फरक पडत नाही. पावसाळ्यात इंदूरचा दाब हिवाळ्यापेक्षा बराच खाली असतो. दहा हेक्टोपास्कलचा फरक म्हणजे जवळपास तीन दशांश अंश, तेव्हा जानेवारीतला ९८.२ हा आकडा जुलैत आंधळेपणाने वापरू नये. मणी पाण्यात बुडवण्यापेक्षा पाण्याच्या वर, वाफेत, भांड्याच्या भिंतीला न लागता टांगावा. उकळतं पाणी बुडाशी थोडं जास्त तापलेलं असतं, आणि त्यात मीठ-क्षार असले तर आणखी. वाफेचं तापमान मात्र दाबच ठरवतो.

बर्फाचा बिंदू सोपा वाटतो, म्हणून तिथे हलगर्जी जास्त होते. पेल्यात पाणी आणि वर तरंगणारे चार खडे, याला शून्य अंश म्हणत नाहीत. पाणी चार अंशांना सर्वांत जड असतं, ते तळाशी बसतं, आणि मणीही तळाशीच असतो. बर्फ कुटून चुरा करायचा, थर्मासमध्ये गच्च भरायचा, फटी भरतील एवढंच थंड पाणी ओतायचं आणि मणी चुऱ्याच्या मधोमध रोवायचा. नळाच्या नर्मदेच्या पाण्याचा बर्फ चालतो. लिटरला तीनशे मिलिग्रॅम क्षार असले तरी गोठणबिंदू दोन शतांश अंशांच्या आसपासच उतरतो, त्याची काळजी करू नये. काळजी करावी ती आइस्क्रीमवाल्याकडच्या बर्फाची, कारण त्याला मीठ लागलेलं असू शकतं.

बर्फात आणखी एक चूक दडते, आणि ती सहगुणकांत शिरली की बाहेर काढणं कठीण. मण्याच्या तारा नीट बंद नसतील तर पाणी त्यांना आतल्या आत जोडतं. ही गळती समजा दहा लाख ओहमची आहे. उकळताना मणी स्वतःच ७०५ ओहमचा असतो, तिथे तिचा पत्ताही लागत नाही. पण बर्फात मणी ३२ हजारांवर असतो, तिथे तीन टक्के रोध गळून जातो आणि तापमान सहा दशांश अंश जास्त भासतं. ओळखायचं कसं? एकाच तापमानाच्या साध्या आणि खारट पाण्यात मणी आळीपाळीने बुडवा. आकडा बदलला तर तारा उघड्या आहेत. मग नळी गरम करून आवळून, टोकाला इपॉक्सी लावून सगळं पुन्हा मोजावं लागतं, दुसरा मार्ग नाही.

तीस अंशांच्या बिंदूसाठी आपण थर्मामीटरवर विसंबलो. तोही तपासावा लागतो, पण त्यासाठी कुठे जायला नको. त्याच बर्फाच्या चुऱ्यात तो किती दाखवतो ते लिहून ठेवा. ०.२ दाखवत असेल तर पुढच्या प्रत्येक वाचनातून ०.२ वजा करून चाला. आणि तीसचा बिंदू हवेत घेऊ नका. मण्यातून वीज वाहते तेव्हा तो स्वतः थोडा तापतो. पाच व्होल्ट आणि दहा हजार ओहमच्या जोडीत तीस अंशांना मण्यात सुमारे ०.६ मिलिवॅट खर्च होतात, आणि स्थिर हवेत लहान मण्याला एवढ्याने दोन-तीन दशांश अंश चढू शकतात. पाणी ती उष्णता लगेच ओढून नेतं. जो सेन्सर दुधात राहणार आहे त्याचे सगळे बिंदू पाण्यात किंवा वाफेतच घ्यावेत, आणि वीज वाचनापुरतीच द्यावी.

आणखी एका पळवाटेला आधीच उत्तर देऊन ठेवतो. "बर्फ नको, वाफ नको, खोलीच्या आसपासचे तीन बिंदू घेतो, २५, ३० आणि ३५, थर्मामीटरने सोपं पडतं." सोपं पडतं हे खरं. पण मधल्या बिंदूवर थर्मामीटर वाचताना ०.१ ची चूक झाली तर ६३ अंशांपर्यंत पोचेतो ती चार अंशांची होते. तीच ०.१ ची चूक शून्य, तीस आणि ९८.२ या बिंदूंत झाली तर ६३ वर ती ०.१ च्या आसपासच राहते. बिंदू कामाच्या तापमानाला दोन्ही बाजूंनी कवेत घेणारे असले पाहिजेत. मोजणी तेवढीच काळजीची, सूत्र तेच, उत्तर मात्र चाळीसपट बिघडतं, हे मुलांना एकदा हाताने करून दाखवावं.

मग रोध मोजायचा कशाने? मल्टिमीटरने मोजून सहगुणक काढायचे आणि नंतर मणी आर्डुइनोला जोडायचा, ही पद्धत मला पसंत नाही. स्वस्त मल्टिमीटर रोधाच्या पट्टीवर अर्धा-पाऊण टक्का सहज चुकतो, आणि सर्किटमधला दहा हजारांचा रेझिस्टर दहा हजारांचा असतोच असं नाही. ज्या सर्किटने शेवटी वाचणार त्याच सर्किटने तिन्ही बिंदू वाचले की या चुका बऱ्याचशा सहगुणकांतच जिरतात. मात्र एक मर्यादा लक्षात ठेवायला हवी. मणी ग्राउंडकडे आणि दहा हजारांचा रेझिस्टर वर, अशी जोडणी असली तर दहा बिटच्या वाचनात ९८ अंशांना मण्याचा वाटा १०२४ पैकी फक्त ६७ येतो. तिथे एक पायरी म्हणजे अर्धा अंश. ६३ अंशांना एक पायरी सुमारे ०.१९ अंशाची. वरचा रेझिस्टर २,२०० ओहमचा घेतला तर ६३ ला वाचन पट्टीच्या मधोमध येतं आणि पायरी ०.११ वर येते. एवढी छोटी गोष्ट, पण पाकिटावर 10k लिहिलंय म्हणून वरही 10k, हा रिवाज इतका पक्का आहे की कामाचं तापमान कोणतं, हे कुणी विचारतच नाही. पन्नासेक वाचनांची सरासरी घ्या, ती पायरीच्या आत उतरायला मदत करते. आणि सहगुणक छापताना `Serial.print` आपणहून दोनच दशांश दाखवतं, तेव्हा A, B, C तिन्ही ०.०० दिसले तर घाबरू नका, दशांशांची संख्या वाढवून मागा.

शेवटचा आक्षेप खटाटोपाचा आहे. "हे सगळं कशाला? DS18B20 लावा, तो थेट अंश सांगतो." लावा. पण त्याच्या कागदावर उणे दहा ते ८५ अंशांपर्यंत अर्ध्या अंशाची हमी लिहिली आहे, आणि बाजारात त्याच नावाच्या नकला भरपूर आहेत, त्यांना ती हमीही नाही. ६३ अंशांवर अर्धा अंश म्हणजे बीटाची चूक होती जवळपास तेवढीच. तोही बर्फात आणि वाफेत बुडवून पाहावाच लागेल, आणि इंदुरात वाफेत त्याने ९८.२ दाखवलं म्हणून कुणी तो बिघडलाय असं समजून फेकून देऊ नये. एक-दोन दशांश अंशांच्या आत जुळवून विकलेले थर्मिस्टर मिळतात, त्यांच्यासोबत उत्पादकाचा तक्ताही येतो. ते घेतले तर तीन बिंदूंची गरज नाही हे मी मान्य करतो. तरी ६३ चा तपासबिंदू मी सोडणार नाही, कारण सर्किट आणि तारा उत्पादकाने जुळवलेल्या नसतात.

त्या मुलांच्या पडद्यावर काय लिहावं, यावरही परीक्षकांशी माझं भांडण आहे. ६३.०० असे दोन दशांश दाखवणं त्यांना नेटकं वाटलं. थर्मामीटर ०.२ पर्यंत वाचता येतो, पायरी ०.११ ची, दाब एका हेक्टोपास्कलच्या आत, आणि चौथ्या बिंदूवर जो फरक दिसेल तो. हे सगळं जमेस धरून ३० ते ७५ अंशांमध्ये अधिक-उणे ०.३ असा दावा करता येतो, त्याहून बारीक नाही. तेव्हा एकच दशांश दाखवावा, आणि तीस मिनिटांचं घड्याळ पडद्यावर ६३.० आल्यावर सुरू न करता ६३.३ आल्यावर सुरू करावं.